सत्यनारायणाचा प्रसाद आणि चाळीस पाने

महाराष्ट्रात घरगुती पूजा म्हटली की बहुतेक वेळा ती सत्यनारायणाची असते. लग्न, वास्तुशांत, नवी नोकरी किंवा श्रावणातली पौर्णिमा असे निमित्त असते, सकाळी पूजा होते, पोथी वाचली जाते, दुपारी आरती आणि मग पंगत. पाहुणे चाळीसच्या आसपास असले की स्वयंपाक अवघड आकाराला येतो. आचारी बोलवावा इतका तो मोठा नसतो आणि रोजच्या सवयीने उरकावा इतका लहानही नसतो. अशा वेळी पदार्थ निवडतानाच तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पदार्थ नैवेद्याला चालला पाहिजे, घरातल्या दोन-तीन माणसांना तो आरतीच्या आधी पूर्ण करता आला पाहिजे आणि शेवटच्या घटकेला कोणी कढईपाशी अडकून पडता कामा नये. या तीन कसोट्यांवर उतरणारा एक बेत येथे मापांसह दिला आहे.

प्रसाद: सवाईचे गणित

सत्यनारायणाची कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली मानली जाते. प्रसादाचे साहित्य त्या कथेतच सांगितलेले आहे: केळी, तूप, दूध, गव्हाचे पीठ, ते नसल्यास तांदळाचे पीठ आणि साखर किंवा गूळ. हे सर्व ‘सपाद’, म्हणजे सव्वा मापाने घ्यावे, असा संकेत आहे. गव्हाच्या पिठाच्या जागी मराठी घरांत रवा आला आणि त्याचा केळे घातलेला शिरा हाच प्रसाद म्हणून रूढ झाला.

सव्वा कशाचा, हे मात्र ठरलेले नाही. वाटी, पाव, शेर, किलो यांपैकी कोणतेही माप धरता येते आणि पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे ते निवडायचे असते. सव्वा किलो रव्याचा शिरा सहा किलोंच्या पुढे जातो. चाळीस माणसांना तो फार होतो आणि इतका शिरा घरच्या शेगडीवर एकसारखा भाजलाही जात नाही. सव्वा वाटीचा शिरा पंधरा-वीस जणांत संपतो. चाळीस पाहुणे आणि घरची माणसे यांच्यासाठी अर्धा किलो हे मूळ माप धरावे. त्याचे सवाई म्हणजे 625 ग्रॅम रवा आणि तितकीच साखर.

तूपही रव्याइतकेच घालण्याची जुनी पद्धत आहे. तसा प्रसाद द्रोणात तूप सोडतो आणि अनेकांना तो जड जातो. सवाईचा नियम न मोडता तूप कमी करता येते, कारण प्रत्येक जिन्नस सव्वा मापाचा असावा एवढेच अपेक्षित आहे, सगळ्यांचे मूळ माप एकच असले पाहिजे असे नाही. पाव किलोचे सवाई म्हणजे साधारण 315 ग्रॅम तूप या रव्याला पुरते. दूध सव्वा लिटर घ्यावे. चाराचे सवाई पाच, म्हणून केळी पाच. ती पिकलेली पण सालीवर काळे न पडलेली असावीत, कारण अति पिकलेल्या केळ्याने शिऱ्याला आंबूस वास येतो. वेलदोड्याची पूड, बेदाणे आणि थोडे केशर एवढे बाकीचे साहित्य. एवढ्यात सव्वातीन किलोंच्या आसपास शिरा होतो. प्रत्येकाला दोन मोठे चमचे दिल्यावरही शेजारी द्यायला आणि न आलेल्यांना पाठवायला किलोभर उरतो.

कढई किंवा जाड बुडाचे पातेले सहा-सात लिटरचे हवे. तूप गरम झाल्यावर रवा मंद आचेवर भाजावा. या प्रमाणाला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. घाईने मोठ्या आचेवर भाजला तर वरचे कण तांबूस होतात आणि आतले कच्चे राहतात. रवा हलका होऊन कालथ्यावरून सहज ओघळू लागला, खमंग वास सुटला आणि रंग किंचित गुलाबी झाला की तो भाजला गेला असे समजावे. याच वेळी केळ्यांच्या चकत्या घालून दोन मिनिटे परताव्या. तुपात परतल्याने केळे काळे पडत नाही आणि शिऱ्यात मिसळून जाते.

दूध दुसऱ्या शेगडीवर उकळते ठेवावे आणि आच कमी करून ते थोडे थोडे रव्यात ओतावे. थंड दूध एकदम ओतले की गुठळ्या होतात, त्या नंतर मोडत नाहीत. उकळते दूध रव्यावर पडताच ते उसळते, म्हणून ओतणाऱ्याने हात लांब ठेवावा. झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ आणावी. रवा कोरडा वाटला तर पाव लिटरपर्यंत गरम पाणी शिंपडावे. दाणा बोटांनी दाबल्यावर मऊ लागला की मगच साखर घालावी. साखर आधी पडली तर ती दूध ओढून घेते, रवा फुगत नाही आणि शिरा कितीही शिजवला तरी कणीदार राहतो. साखर विरघळताना मिश्रण सैल होते, पण त्याने घाबरून जाऊ नये. पुन्हा एक वाफ आली की ते घट्ट होते आणि कडेने तूप सुटू लागते. तेव्हा वेलदोडा, केशर आणि बेदाणे घालून कढई उतरवावी.

न चाखता मीठ

नैवेद्य दाखवेपर्यंत कोणताही पदार्थ चाखायचा नाही, हा पूजेच्या स्वयंपाकाचा मुख्य नियम. शिऱ्याची त्यात अडचण नाही, माप पाळले की गोडी बरोबर येते. भाजी, वरण आणि मसालेभात यांचे मीठ मात्र अंदाजाने पडते आणि रोज चार माणसांचे करणाऱ्या हाताचा अंदाज चाळीस पानांना चुकतो. बहुधा मीठ कमी पडते, कारण मोठ्या पातेल्यात मूठभर मीठही पुष्कळ वाटते.

यावर वजनाचा आधार घेता येतो. तयार पदार्थाच्या वजनाच्या शंभरावा भाग मीठ साधारण बेताचे लागते. चहाच्या एका सपाट चमच्यात पाच ते सहा ग्रॅम बारीक मीठ मावते. चार किलो बटाट्यांच्या भाजीला त्या हिशोबाने सात चमचे, एक वाटी तांदळाच्या मसालेभाताला एक चमचा, चार लिटर वरणाला सात चमचे. हे माप किंचित हात राखून धरले तर उत्तम, कारण पानात मीठ वाढलेले असतेच. नैवेद्याचे ताट काढून झाले आणि नैवेद्य दाखवला गेला की पातेल्यातले चाखायला हरकत नसते. पंगत बसण्यापूर्वीची ती दहा मिनिटे मीठ-लिंबू सुधारण्यासाठी हाताशी ठेवावी.

जेवणाचा बेत

कांदा-लसूण वर्ज्य, हे बहुतेक घरांत ठरलेलेच असते. ते पाळताना बाजारच्या मसाल्याकडे लक्ष द्यावे. गोडा मसाला धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल यांचा असतो आणि तो चालतो. कांदा-लसूण मसाला आणि काही काळे मसाले मात्र नावाप्रमाणे किंवा घटकांप्रमाणे बाद होतात. पाकिटावरची यादी खरेदीच्या वेळीच वाचावी.

बेत असा: साधे वरण, भात, तूप, लिंबू, बटाट्याची पिवळी भाजी, खमंग काकडी, ओल्या खोबऱ्याची चटणी, पोळी, मसालेभात, मठ्ठा आणि श्रीखंड. यात पुरी मुद्दाम नाही. चाळीस पानांना दीडशेच्या पुढे पुऱ्या लागतात, त्या गरमच वाढाव्या लागतात आणि ऐन आरतीच्या वेळी दोन माणसे कढईपाशी राहतात. भजी, कुरडया, वडे यांचेही तेच. तळण पूर्ण वगळले की स्वयंपाकघर आरतीला मोकळे होते.

पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून मागवाव्या. पाहुण्यांत आठ-दहा लहान मुले असतील, तर घरच्या चार-पाच माणसांसह चाळीस पूर्ण पानांचा हिशोब पुरतो आणि पानाला तीन धरून 120 पोळ्या होतात. बाहेरचे शिजलेले अन्न नैवेद्याला न ठेवणाऱ्या घरांत नैवेद्यापुरत्या पाच-सहा पोळ्या घरी लाटल्या की प्रश्न सुटतो.

श्रीखंड निवडण्याचे कारण त्याला शेगडी लागत नाही. दीड किलो चक्का डेअरीतून आणावा, तो आदल्या संध्याकाळी पुरणयंत्रातून काढावा आणि त्यात सव्वा किलो साखर, दुधात खललेले केशर, वेलदोडा व थोडे जायफळ घालून थंड जागी ठेवावे. साखर रात्रभरात विरघळते आणि श्रीखंड सैल होते, म्हणून चक्का घट्ट, पाणी पूर्ण निथळलेला हवा. आदल्या दिवशी केलेले अन्न नैवेद्याला शिळे ठरते, पण दुधा-दह्याच्या आणि तुपाच्या पदार्थांना त्यातून सूट देण्याचा जुना संकेत आहे. ज्या घरात तो मानत नाहीत, तेथे साखर पिठी करून सकाळी मिसळावी, ती लगेच विरघळते.

बटाटे चार किलो. ते सकाळी उकडून सोलावे आणि मोठ्या फोडी कराव्या. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि किसलेले आले यांची फोडणी, वर मीठ, चमचाभर साखर, लिंबू आणि कोथिंबीर. बटाटे उकडल्यावर पूर्ण निवू द्यावे, गरम बटाट्याच्या फोडी परतताना मोडून भाजीचा लगदा होतो. ही भाजी दोन तास आधी झाली तरी बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण.

वरणाला पाऊण किलो तूरडाळ पुरते. हळद-हिंग घालून ती कुकरमध्ये मऊ शिजवावी, घोटावी आणि मीठ व चवीला गूळ घालून चार लिटरपर्यंत सारखी करावी. डाळ निवली की दाटते, म्हणून वाढण्यापूर्वी उकळते पाणी घालून पुन्हा एक उकळी द्यावी. साध्या भाताला सव्वा किलो तांदूळ घ्यावा. दोन प्रकारचे भात, पोळी आणि श्रीखंड असताना माणशी सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम कच्च्या तांदळाच्या पुढे सहसा खप होत नाही.

मसालेभात हा या बेतातला एकच जोखमीचा पदार्थ. त्याला पावणेदोन किलो सुरती कोलम किंवा जुना तांदूळ घ्यावा, म्हणजे साधारण दहा वाट्या. नवा तांदूळ मोठ्या पातेल्यात चिकट होतो. तांदूळ तासभर आधी धुऊन निथळत ठेवावा. पाऊण किलो तोंडली उभी चिरून घ्यावी. दहा लिटरच्या जाड पातेल्यात तेलाची फोडणी करून तमालपत्र, लवंग, दालचिनी, कढीपत्ता आणि मूठभर काजू घालावे, तोंडली परतावी, मग तांदूळ घालून पाच मिनिटे हलक्या हाताने परतावा. सहा मोठे चमचे गोडा मसाला, हळद, तिखट, मीठ आणि थोडा गूळ घालून वीस वाट्या उकळते पाणी ओतावे. पाणी थंड असले तर ते तापेपर्यंत तळचा भात मऊ होतो आणि वरचा कच्चा राहतो. पाणी आटून वर भोके दिसू लागली की पातेल्याखाली तवा सरकवावा, घट्ट झाकण ठेवावे आणि अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे. तवा न ठेवल्यास तळाला करप लागते आणि तिचा वास सगळ्या भाताला येतो. चुकून तसे झालेच तर भात ढवळू नये. वरचा भाग दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावा. वाढताना ओले खोबरे, कोथिंबीर आणि तुपाची धार.

खमंग काकडीला अडीच किलो काकडी, पाव किलो दाण्याचे कूट आणि मिरची-जिऱ्याची तुपातली फोडणी लागते. काकडी मीठ लागताच पाणी सोडते, म्हणून ती चोचवून पिळून ठेवावी आणि कूट, मीठ, लिंबू पंगत बसताना घालावे. नैवेद्यापुरती वाटीभर आधी कालवावी. चटणीला तीन नारळ. मठ्ठ्याला दोन किलो दही आणि दुप्पट पाणी घेऊन आले, जिरे, कोथिंबीर, मीठ व किंचित साखर घालावी, म्हणजे सहा लिटर होतो आणि माणशी एक वाटी येते. बारा लिंबे आणि वाढण्यासाठी अर्धा किलो तूप वेगळे ठेवावे.

सकाळचा क्रम

भाज्या चिरणे, नारळ खवणे, दाणे भाजून कूट करणे, मसाले मोजून वाटीत काढणे ही कामे आदल्या दिवशी होतात, कारण यात शिजवणे नाही. सकाळी स्नान करून स्वयंपाकाला लागावे. पूजा साडेनऊला सुरू होणार असेल, तर सातला बटाटे आणि डाळ कुकरला लावावी, आठला प्रसाद करायला घ्यावा. प्रसाद पहिल्यांदा करण्याचे कारण दुहेरी आहे. ओटा आणि भांडी तेव्हा स्वच्छ असतात आणि पूजेला बसणारी सुवासिनी साडेनऊच्या आत मोकळी होते.

पूजा आणि पाच अध्यायांची पोथी यांना मिळून दोन-अडीच तास लागतात. तेवढ्यात मागे राहिलेल्या दोन माणसांनी दहाला भाजी, साडेदहाला मसालेभात आणि सव्वाअकराला साधा भात लावावा. पावणेबाराला सगळे पदार्थ तयार असले पाहिजेत, कारण पाचवा अध्याय संपला की आरतीपूर्वी महानैवेद्याचे ताट लागते.

हे ताट चौकोनी पाण्याच्या मंडलावर ठेवतात. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा वाढून अन्नावर तूप आणि तुळशीचे पान घालतात. तुळस विष्णूच्या नैवेद्याला आवश्यकच आहे. बहुतेक घरांत या ताटात मीठ वाढत नाहीत. शिऱ्याचा प्रसाद चौरंगापुढे स्वतंत्र असतो, त्यावरही तुळस ठेवतात. देवघरातल्या देवांचे, कुलदैवताचे आणि गायीचे पान काढायचे असेल तर तेही याच वेळी भरावे, म्हणजे नंतर पातेल्यांना पुन्हा जपावे लागत नाही.

आधी प्रसाद, मग पान

आरतीनंतर तीर्थ आणि प्रसाद सर्वांना दिल्याशिवाय पाने मांडू नयेत. या क्रमाला कथेतच आधार आहे. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची मुलगी कलावती पती परतल्याच्या आनंदात प्रसाद न घेता धावत जाते आणि नौकेसह पती दिसेनासा होतो. पाचव्या अध्यायात राजा गोपाळांनी दिलेला प्रसाद टाकून निघून जातो आणि त्याचे राज्य व संतती नष्ट होते. दोघांचेही गेलेले प्रसाद घेतल्यावरच परत मिळते. म्हणून प्रसाद दारी आलेल्या प्रत्येकाला द्यायचा, मग तो आमंत्रित असो, दूधवाला असो की इमारतीचा रखवालदार. सव्वातीन किलोंचे माप या लोकांना धरूनच आहे.

चाळीस पाने एका वेळी बसवण्याइतकी जागा घरात क्वचित असते. वीस-वीसच्या दोन पंगती कराव्या, पहिल्या पंगतीत गुरुजी, मुले आणि वयस्कर मंडळी. प्रत्येक पंगतीला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून दुसऱ्या पंगतीसाठी मसालेभात झाकूनच ठेवावा आणि श्रीखंडाचे अर्धे भांडे फ्रिजमध्येच राहू द्यावे.

या बेताला एक मर्यादा आहे. सत्यनारायण पौर्णिमेप्रमाणे एकादशीलाही करतात. त्या दिवशी अनेकांचा उपास असतो, भात-पोळी तर नाहीच पण रव्याचा प्रसादही त्यांना खाता येत नाही. जेवण द्यायचे असेल तर पौर्णिमा, संक्रांत किंवा घरच्या सोयीचा दुसरा दिवस धरावा. उरलेल्या अन्नाचेही भान हवे. दूध आणि केळे असलेला शिरा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच चांगला राहतो, त्यामुळे वाटायचा प्रसाद दुपारीच डब्यांत भरून पाठवावा. भात आणि वरण दोन तासांत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावे किंवा लगेच देऊन टाकावे.

पहिल्यांदाच चाळीस पानांचे करणाऱ्या घराने आठवडाभर आधी सव्वा वाटीचा शिरा आणि दोन वाट्यांचा मसालेभात याच प्रमाणाने करून पाहावा. स्वतःच्या शेगडीची आच, तांदळाला लागणारे पाणी आणि मिठाचा चमचा तेव्हाच चाखून ठरवता येतो. पूजेच्या दिवशी ती मुभा नसते.